डबीतली मिसरी आणि कागदावरचा आकडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर जाऊन 'तुमच्याकडं बायका तंबाखू खातात का?' असं विचारलं, तर 'छे, आमच्यात नाही तसलं काही' हे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. त्याच घरात थोडा वेळ बसून, चहापाणी झाल्यावर, 'सकाळी दात कशानं घासता?' असं विचारलं, तर 'मिसरीनं' हे उत्तर तितक्याच सहजपणे येईल. दोन्ही वेळा बोलणारी बाई एकच असते आणि ती दोन्ही वेळा खरंच बोलत असते. तंबाखू खाणं वेगळं आणि मिसरी लावणं वेगळं, असं ती मानते. आपल्या देशातल्या बायकांच्या तंबाखूचा हिशेब का जुळत नाही, याचं निम्मं उत्तर या दोन वाक्यांमधल्या अंतरात आहे. उरलेलं निम्मं कुठं आहे, ते आज पाहू.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. कोकणात आणि मुंबईत तिला मशेरी म्हणतात, इंग्रजी अहवालांत मिश्री म्हणतात. बिहार, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड या पट्ट्यात हिरड्यांना लावायची तंबाखूची पूड 'गुल' या नावानं तयार डबीत मिळते, आणि गूळ घालून केलेला 'गुडाखू' नावाचा लगदाही मिळतो. आपल्याकडची मिसरी मात्र बरीचशी घरीच होते. बाजारातून आणलेली तंबाखूची पानं किंवा काड्या तव्यावर नाहीतर खापरावर टाकायच्या, खाली जाळ मंद ठेवायचा आणि पानं काळी पडेपर्यंत परतत राहायचं. त्या वेळी जो खाट उठतो, त्यानं शेजारच्या घरातलाही माणूस खोकतो. मग ती काळी ठिक्कर पानं हातानं चुरायची, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उजव्या हाताच्या तर्जनीवर घेऊन दात आणि हिरड्या घासायच्या. इथपर्यंत हे दंतमंजनच आहे.

पण मंजन दिवसातून एकदा, फार तर दोनदा लावतात. मिसरी हळूहळू दुपारच्या जेवणानंतर येते, मग खुरपायला जाताना येते, मग रात्री झोपण्यापूर्वी. दात घासून लगेच चूळ भरायची, ती आता खालच्या ओठाच्या आत बराच वेळ तशीच राहते. हिरडीची त्वचा पातळ असते आणि निकोटीन तिच्यातून थेट रक्तात जातं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे तलफ पुन्हा येते. बाई म्हणते, 'मिसरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही,' 'डोकं धरतं,' 'कामाला हात लागत नाही.' ही व्यसनाचीच लक्षणं आहेत, पण तिच्या तोंडी ती पोटाची आणि डोक्याची दुखणी म्हणून येतात. भाजल्यानं तंबाखू सौम्य होते, हा समजही सर्वत्र आहे. प्रत्यक्षात जाळल्यानं त्या पुडीत काजळीतली घातक रसायनं वाढतात आणि निकोटीनही शिल्लक राहतं.

ही सवय बायकांच्याच वाट्याला का आली, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. तंबाखू आपल्या देशात पोर्तुगिजांबरोबर आली आणि दख्खनमध्ये ती लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून १६०४-०५ च्या सुमारास आग्र्याला परतला तेव्हा त्यानं तंबाखू आणि चिलीम बादशहापुढं नजर केली, हे त्यानंच लिहून ठेवलं आहे. म्हणजे उत्तरेच्या दरबाराला जे नवल वाटलं, ते विजापूरला आधीच माहीत होतं. १६१७ साली जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. या साऱ्या नोंदींमध्ये तंबाखू म्हणजे धूर. चिलीम आणि हुक्का ओढणारा पुरुष दिसतो, हुक्क्याशी बसलेली एखादी बेगम दिसते, पण शेतात राबणाऱ्या बाईची बोटभर पूड कुणाच्या लेखणीत आली नाही.

बाईच्या तोंडातली काळी पूड मात्र आपल्याकडं नवी नव्हती. दात काळे करणं हे एकेकाळी सवाष्णीच्या शृंगारात मोडत असे. त्यासाठी हिरडा, मायफळ, हिराकस अशा वस्तूंचं दातवण करत. हिंदी-उर्दूत अशाच पुडीला मिस्सी म्हणत. त्या पुडीत तंबाखू असायलाच हवी असं नव्हतं. मिसरी हा शब्द मिस्सीच्या किती जवळचा आहे ते कानालाच कळतं. काळी पूड दाताला लावायची रीत आधीपासून घरात होती, तिला नाव होतं, तिची डबी होती आणि तिला मान होता. त्या डबीत तंबाखू शिरली, असं मानायला पुष्कळ जागा आहे. पुढं शहरातल्या शिकलेल्या घरांतून काळे दात गेले, दातवणही गेलं, पण तंबाखूची पूड खेड्यात राहिली. बाईनं विडी ओढली तर चारचौघांत बोभाटा होतो, मिसरीला मात्र दात घासण्याचा आडोसा आहे. सासूच सुनेला डबी पुढं करते. दाढ दुखली तर मिसरी, गरोदरपणात उमासे आले तर मिसरी, उपाशीपोटी खुरपायचं असेल तरीही मिसरी.

सरकारदरबारीही ही पूड दिसत नाही. १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला, तेव्हापासून तंबाखूची मोजदाद पिकवणारा, साठवणारा आणि विकणारा यांच्या नावानं होत आली. घराच्या चुलीवर पान भाजून पूड करणं हा ना कारखाना, ना धंदा. तयार पूड विकत घेतली जात नाही, म्हणून तिच्यावर वेष्टन नाही, आणि वेष्टन नाही म्हणून त्यावर छापायचा धोक्याचा इशाराही नाही. १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, ती कारखान्यांवर. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, ती पुड्यांवर. घरच्या तव्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. घरखर्चाची पाहणी करणारा माणूस आला, तर महिन्याला तंबाखूवर किती पैसे गेले एवढं तो विचारतो. बाजारहाट बहुधा पुरुष करतो. त्यानं स्वतःच्या चंचीसाठी आणलेल्या तंबाखूतलीच मूठभर पानं तव्यावर जातात. कागदावर ती सगळी त्याची तंबाखू असते.

मग बायकांच्या मिसरीची गणना कधी झालीच नाही का? झाली, आणि ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केली दंतवैद्यांनी, आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचा दंतसंशोधनाचा विभाग होता. त्यांनी डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग आणि इतर सहकाऱ्यांबरोबर पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. हेतू होता तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी दिसणारे डाग शोधण्याचा. पण तपासताना सवयीही विचारल्या, तेव्हा कळलं की बायकांमध्ये शंभरातल्या सुमारे ३९ जणी मिसरी लावतात आणि पुरुषांमध्ये शंभरात एकही पुरता नाही.

या पाहणीत एवढ्या बायका सापडल्या यामागं एक साधी गोष्ट असावी असं मला वाटतं. विचारणारा माणूस दंतवैद्य होता. तो तोंडात पाहायला आला होता, त्यामुळे दात कशानं घासता हा प्रश्न त्यानं विचारणं स्वाभाविक होतं. शिवाय तोंड उघडल्यावर फार काही लपत नाही. मिसरी लावणारीच्या दातांच्या मुळाशी काळसर रेघ असते. पूड जिथं दाबून ठेवली जाते तिथली हिरडी मागं सरकलेली असते. खालच्या ओठाच्या आतली त्वचा कधी पांढुरकी, कधी सुरकुतलेली दिसते.

दुसरी मोठी मोजणी मुंबईत झाली. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९२ ते ९४ या काळात मतदार याद्या घेऊन घरोघर पाहणी केली. हातात मावणारे छोटे संगणक वापरून केलेली ही आपल्याकडची एक सुरुवातीची पाहणी. ३५ वर्षं आणि त्यावरच्या ९९,५९८ लोकांची माहिती त्यात घेतली. शंभरातल्या ५७ हून अधिक बायका कुठली ना कुठली तंबाखू वापरत होत्या, आणि ती जवळजवळ सगळी बिनधुराची. यात मशेरी अग्रभागी होती. घाटावरून आणि कोकणातून गिरणगावात, चाळींत आलेल्या कुटुंबांबरोबर डबीही मुंबईला आली होती.

हे दोन आकडे ऐकल्यावर राष्ट्रीय पाहण्यांचे आकडे ऐकले की माणूस बुचकळ्यात पडतो. २०१६-१७ साली देशभर प्रौढांच्या तंबाखूची जी जागतिक पद्धतीची पाहणी झाली, तिच्यात १५ वर्षांवरच्या पुरुषांत ४२.४ टक्के आणि बायकांत १४.२ टक्के तंबाखू वापरणारे निघाले. त्यानंतर २०१९ ते २१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तिच्यात त्याच वयाचे पुरुष ३८ टक्के आणि बायका ८.९ टक्के.

आता हे चार आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या पाहणीत तंबाखू वापरणारे शंभर पुरुष सापडले असं धरलं, तर दुसऱ्या पाहणीत त्या मानानं नव्वद सापडले. तीन-चार वर्षांत थोडी घट झाली, असं म्हणता येईल. बायकांचं मात्र तसं नाही. पहिल्या पाहणीत शंभर सापडल्या असतील, तर दुसरीत त्या मानानं त्रेसष्टच सापडल्या. देश तोच आणि वयोगट तोच. पुरुषांमधल्या दहा गळल्या आणि बायकांमधल्या सदतीस. काही बायकांनी खरोखरच सोडली असेल. पण तीन-चार वर्षांत पुरुषांच्या जवळजवळ चौपट वेगानं बायकांनी सवय सोडावी, असं कुठलं मोठं कारण या काळात घडलेलं दिसत नाही. त्यामुळे फरकाचा काही भाग बायकांच्या तोंडात घडला आणि काही भाग प्रश्नपत्रिकेत घडला, असंच म्हणावं लागतं.

दोन पाहण्यांच्या रीतीत फरक आहे. तंबाखूची जागतिक पद्धतीची पाहणी फक्त तंबाखूसाठी असते. घरातून एकच व्यक्ती चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात आणि तिलाच विचारतात. विचारताना खैनी, गुटखा, तंबाखूचं पान आणि मग तपकीर, मिश्री, गुल, गुडाखू अशी नावं घेऊन विचारतात. कुटुंब आरोग्य पाहणीत मुलांचं लसीकरण, बाळंतपण, पाणी, संडास, रक्तक्षय असे शेकडो प्रश्न असतात आणि त्यात तंबाखूचे थोडे. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत तर घरातल्या एकाच माणसाला सगळ्यांच्या तंबाखूबद्दल विचारलं होतं. तेव्हाच्या अभ्यासकांनीही या पद्धतीत आकडा कमी येण्याची शक्यता नोंदवली होती.

हे नेमकं कसं घडतं, ते एका कल्पित घरावरून पाहू. पाथर्डीच्या डोंगराकडेची एक वस्ती. घरात सासरा, सासू, मुलगा आणि सून. लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे, पाचवा महिना चालू आहे. तिघी बायका मिसरी लावतात. सासरा आणि मुलगा तंबाखू मळून खातात.

सकाळी अकरा वाजता पाहणीची ताई येते. ओट्यावर सासरा बसलेला असतो. 'घरात तंबाखू कोण कोण वापरतं?' या प्रश्नावर तो म्हणतो, 'मी आणि पोरगा.' कागदावर दोन पुरुष येतात, बायकांपुढं शून्य. सासरा खोटं बोललेला नाही. बायकोच्या डबीची त्यानं कधी तंबाखूत गणना केलीच नाही. सुनेची डबी तर त्यानं पाहिलेलीच नाही, कारण ती फडताळात पातेल्यामागं असते.

समजा ताईनं प्रत्येकीला वेगळं विचारलं. सासू म्हणेल, 'नाही बाई, मी तंबाखूला शिवत नाही.' प्रश्नात तंबाखू खाण्याचं विचारलं होतं आणि ती खात नाही, लावते. इथं चूक शब्दाची आहे. कागदावर 'मिश्री' असं छापलेलं असेल आणि ताई जिल्ह्याबाहेरची असेल, तर आणखी एक गंमत होते. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर.

सून बारावीपर्यंत शिकलेली. मिसरी म्हणजे तंबाखू, हे तिला पक्कं माहीत आहे. पण ताई विचारते तेव्हा सासरा दाराशी, नवरा अंगणात आणि शेजारीण उंबऱ्यावर. ती मान हलवते, 'नाही.' इथं चूक जागेची आहे. तिला न्हाणीपाशी किंवा हापशावर एकटीला विचारलं असतं, तर कदाचित वेगळं उत्तर आलं असतं. जितकं शिक्षण जास्त, तितकी ही लाज जास्त. म्हणून शिकलेल्या बायकांचा कमी आलेला आकडा जपून वाचायला हवा.

राहिली लेक. तिला तर विचारलंच जात नाही, कारण ती या घरची कायमची राहणारी धरली जात नाही. ती सासरच्या गावी असायला हवी, आणि तिथं पाहणी होईल तेव्हा ती इथं असेल. इथं चूक यादीची आहे. तीन बायकांपैकी एकीला शब्दानं गाळलं, एकीला जागेनं आणि एकीला यादीनं. घरातला खरा आकडा पाचात पाच आणि कागदावरचा चारात दोन.

पाथर्डीत ही यादीची अडचण फार मोठी आहे. मोहटादेवीचं नवरात्र आणि दसरा उरकला की पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडं बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांवर कुलपं दिसू लागतात. उचल घेतलेल्या टोळ्या मुकादमाबरोबर साखर कारखान्यांकडं निघतात आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि गाडीवर चढवते. पहाटे अंधारात उठायचं, कोपीत भाकरी करायची, फडात जायचं, संध्याकाळी परतून पुन्हा चूल. ज्या बाईला दिवसभर भूक मारायची आहे आणि झोप रोखायची आहे, तिची डबी याच महिन्यांत सगळ्यात जास्त वापरात असते, असं मानायला हवं. हिवाळ्यात पाहणीची ताई गावी आली, तर तिला घर बंद दिसतं. कारखान्याच्या गावात पाहणी झाली, तर कोपी त्या गावच्या घरांत मोडत नाही. दोन्हीकडच्या यादीत ती नाही.

सरकारी कागदांत एक नमुना मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तीस वर्षांवरच्या माणसांचा मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग लवकर कळावा म्हणून आशाताई घरोघर एक अर्ज भरतात. त्याच्या केंद्रीय नमुन्यात तंबाखूचा प्रश्न आहे, आणि उदाहरणं दिली आहेत ती गुटखा आणि खैनीची. कधीच नाही, याला शून्य गुण. पूर्वी किंवा अधूनमधून, याला एक. रोज, याला दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की माणूस तपासणीसाठी पुढं काढतात. आता आपल्या गोष्टीतली सासू घ्या. वयाचे, कमरेच्या घेराचे, व्यायाम नसल्याचे वगैरे मिळून तिचे चार गुण होत असतील आणि मिसरीचे दोन धरले नाहीत, तर ती रांगेत पुढं येतच नाही. ज्या बाईच्या तोंडात सगळ्यात आधी डोकावायला हवं, तीच मागं राहते. आशाताई त्याच गावची असते, तिला कोण काय लावतं हे ठाऊक असतं. कागदावर मिसरीचं नाव छापलेलं असेल, तर तिला ते विचारायला संकोच वाटत नाही. नाव नसेल, तर विचारणं म्हणजे शेजारणीची चौकशी केल्यासारखं होतं.

बोललेलं उत्तर पुरेसं नसेल तर दुसरा उपाय आहे, तो म्हणजे लाळ किंवा लघवी तपासणं. शरीरात निकोटीनचं कोटिनीन होतं. निकोटीन काही तासांत जातं, पण कोटिनीन दोन-तीन दिवस सापडतं. इंग्लंडमधल्या आरोग्य पाहण्यांत बांगलादेशी वंशाच्या बायकांची लाळ अशी तपासली होती. त्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू वापरत नाही असं सांगणाऱ्या लक्षणीय संख्येच्या बायकांच्या लाळेत तंबाखूची खूण सापडली. परदेशात, आपल्या माणसांपासून दूर राहणाऱ्या बायकांचीही जीभ एक सांगत होती आणि लाळ दुसरं. पण या तपासणीलाही मर्यादा आहेत. तिला खर्च येतो, प्रयोगशाळा लागते. मिसरी की जर्दा हे ती सांगत नाही. चार-पाच दिवस बंद ठेवलेली बाई ती पकडू शकत नाही. शिवाय बाईची परवानगी न घेता अशी तपासणी करणं योग्यही नाही. म्हणून ती पाहणीच्या जागी चालणार नाही, पाहणीचा आकडा किती कमी येतो याचा अंदाज घेण्यापुरतीच ती उपयोगी पडते.

पुण्याच्या ३९, मुंबईच्या ५७ आणि आजच्या राष्ट्रीय आकड्यांतला सगळा फरक लपवाछपवीचा आहे, असंही समजू नये. मुंबईच्या पाहणीत ३५ वर्षांखालच्या बायका नव्हत्या, आणि ही सवय वयाबरोबर वाढते. टूथपेस्ट खेड्यापाड्यांत पोचली आहे. शाळेत गेलेल्या मुली डबीला हात लावायला बिचकतात. देशात असेही अनेक प्रांत आहेत, जिथं बायकांमध्ये ही रीत कधी नव्हतीच. तेव्हा सवय कमी झाली असणार. किती कमी झाली, हे मात्र आजच्या प्रश्नांवरून सांगता येत नाही. कमी होणारी सवय अधिक लाजेची होते आणि लाजेची सवय पाहणीतून आणखी गळते. त्यामुळे घट नेहमी आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

आकडा चुकला तर बिघडलं कुठं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर आपल्या गोष्टीतल्या लेकीपाशी आहे. डॉ. गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी मुंबईत तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेतला. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या १७ टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, आणि त्यात मशेरीच जास्त. वय, शिक्षण, घरची परिस्थिती, वजन या गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावरही त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि दिवस पुरे होण्याआधीच बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. २००६ साली आलेल्या पुढच्या निष्कर्षात मूल मृत जन्माला येण्याचा धोकाही अडीच पटीच्या वर दिसला.

१०५ ग्रॅम म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण आपल्याकडं अडीच किलोच्या काठावर जन्मणारी बाळं पुष्कळ असतात. त्या काठावरून शंभर ग्रॅम खाली गेलं की बाळ कमी वजनाचं ठरतं. उमासे थांबावेत म्हणून आईनं मायेनं दिलेली डबी लेकीच्या बाळाचं वजन खाते. दवाखान्यात त्या बाळाच्या कागदावर कारण म्हणून लिहिलं जातं 'आईचा अशक्तपणा.' मग लोहाच्या गोळ्या मिळतात, खाण्यापिण्याचा सल्ला मिळतो. ते सगळं हवंच असतं. पण डबीचा प्रश्न कुणी काढत नाही, कारण 'तंबाखू खातेस का?' या प्रश्नापुढं तिनं 'नाही' सांगितलेलं असतं आणि पुढच्या खेपेलाही ती डबी तशीच तिच्याजवळ असते.

हे बदलायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. प्रश्नांचा क्रम बदलावा लागतो. आधी विचारावं, 'सकाळी दात कशानं घासता?' मग, 'काल दिवसात किती वेळा लावली?' नेहमीचं विचारलं की माणूस अंदाज सांगतो, कालचं विचारलं की आठवून सांगतो. मग, 'घरी भाजता की आणता?' आणि 'पहिल्यांदा कुणी दिली?' हे प्रश्न बाईनं बाईला, एकटीला, त्या भागात चालणाऱ्या शब्दानं विचारावेत. तंबाखू हा शब्द तोंडी आला नाही तरी चालेल, उत्तर लिहिताना तो कागदावर आला पाहिजे. पाथर्डीत रकान्यावर 'मिसरी' छापावं, कोकणात 'मशेरी', रांचीकडं 'गुल'. आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईला शोधायचं असेल, तर वस्तीवरच्या कुलपापाशी न थांबता कारखान्यावरच्या कोपीपर्यंत जावं.

एवढं केलं तर पहिल्या वर्षी बायकांच्या तंबाखूचा आकडा एकदम वाढलेला दिसेल. तो वाढला म्हणून कुणी घाबरून जाऊ नये आणि कुणी बायकांना बोलही लावू नये. एवढ्या बायका आधीपासूनच मिसरी लावत होत्या, कागदावर त्यांची नोंद तेवढी आत्ता झाली, असं समजावं आणि पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.